साठ मुलांचा वर्ग हाती आला की: नव्या शिक्षकासाठी वर्ग-व्यवस्थापनाचा आराखडा

माध्यमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाला शिक्षकखोलीत पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो: सुरुवातीला कडक राहा, नंतर हळूहळू सैल सोडा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातून सोमवारी तिसऱ्या तासाला आठवी-नववीच्या वर्गात शिरल्यावर नेमकं काय करायचं ते कळत नाही. कडक म्हणजे आवाज चढवायचा? हसायचं नाही? मग बिचारा नवा शिक्षक कपाळावर आठ्या घालून शिरतो आणि वर्गाला चार दिवसांत कळतं की आठ्यांच्या मागे काहीच ठरलेलं नाही.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रफीत करून शिक्षक काय काय करतात ते बारकाईने तपासलं आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल चुकल्यावर शिक्षक कसा रागावतो, किती ठामपणे बोलतो, यावरून वर्ग शांत राहील की नाही हे सांगता येत नव्हतं. फरक होता तो चूक घडण्याआधीच्या कामात. ज्यांचे वर्ग सुरळीत चालत त्यांना वर्गाच्या कुठल्या कोपऱ्यात काय चाललंय याचं भान असे, आणि मुलांनाही ते जाणवत असे. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना त्यांचा वर्ग अडखळत नसे.

हे अडखळणं मोठ्या वर्गात फार महागात पडतं. कुठल्याही गडबडीच्या तासाचं नीट निरीक्षण करा. गोंधळ शिकवण्याच्या मध्यावर क्वचित सुरू होतो. तो सुरू होतो घंटा झाल्यापासून पहिल्या वाक्यापर्यंतच्या वेळात, वह्या गोळा करताना, ‘गटात बसा’ म्हटल्यावर, फळ्यावरचं उतरवून घेताना आणि शेवटच्या तीन मिनिटांत. म्हणजे तासाच्या सांध्यांवर. म्हणून आराखडा करताना क्रम असा ठेवायचा: आधी या सांध्यांसाठी पद्धती, मग मोजके नियम, आणि सगळ्यात शेवटी चूक झाली तर काय. बहुतेक नवे शिक्षक उलटीकडून सुरुवात करतात.

खालचा आराखडा ६० मुलांच्या, ४० मिनिटांच्या तासाच्या वर्गासाठी आहे. पाच रांगा, प्रत्येक रांगेत सहा बाक, बाकावर दोघं. तुमची पटसंख्या किंवा मांडणी वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

वर्गात जाण्याआधी: बैठकीचा नकाशा

एका कागदावर पाच रांगा आणि सहा बाक आखा. दरवाजा आणि फळा कुठे आहे ते दाखवा. प्रत्येक चौकटीत दोन नावं, पेन्सिलीने, कारण पहिल्या महिन्यात ती खोडावी लागणारच. वर्गशिक्षकांनी जागा ठरवून दिल्या असतील तर त्यांच्याकडून मागून घ्या. नसतील तर पहिल्या तासाला मुलं बसली आहेत तशीच त्यांची नावं भरून घ्या आणि सांगा, ‘माझ्या तासाला हीच जागा. बदल मी करीन.’ पहिल्याच दिवशी सगळ्यांना उठवून नव्याने बसवण्याचा मोह आवरा. कोण कोणाशेजारी बसल्यावर काय करतं हे आठवडाभर पाहिल्याशिवाय केलेली अदलाबदल आंधळी असते.

या कागदाचे उपयोग बरेच आहेत. हजेरी घ्यायची असेल तर साठ नावं पुकारण्यात तीन-चार मिनिटं सहज जातात. नकाशा हातात असेल तर रिकाम्या जागा पाहून ते काम अर्ध्या मिनिटात होतं. पण खरा उपयोग नावाचा आहे. ‘ए, निळ्या दप्तरवाल्या’ असं म्हटलं की अर्धा वर्ग मागे वळून निळं दप्तर शोधतो. नाव घेतलं की फक्त तो एकटा वर बघतो. साठ नावं पाठ व्हायला वेळ लागतो, तोवर नकाशा टेबलावर उघडा ठेवायचा आणि बिनदिक्कत पाहायचा. मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही.

रांगांमधून शेवटच्या बाकापर्यंत तुम्हाला चालत जाता येतं का, हेही आधी पाहून ठेवा. दप्तरं वाटेत पडलेली असतील तर तुम्ही तासभर फळ्यापाशी अडकता आणि मागचे बाक स्वतंत्र संस्थान होतात. दप्तर बाकाखाली किंवा भिंतीकडे, ही सवय पहिल्या दिवसापासून.

पहिली पद्धत: तासाची पहिली तीन मिनिटं

तुम्ही वर्गात पोचता तेव्हा मागचा तास संपून मुलं मोकळी झालेली असतात. अशा वेळी ‘शांत बसा’ म्हणून काही होत नाही, कारण शांत बसणं हे काम नाही. त्यांच्या हाताला काम हवं.

गेल्यागेल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी, एक छोटं काम लिहा. कालच्या धड्यावरचे दोन प्रश्न, एखादं गणित, एक आकृती पूर्ण करायची. तीन अटी पाळा. ते तुमच्या मदतीशिवाय करता आलं पाहिजे, वर्गातल्या कच्च्या मुलालाही सुरुवात करता आली पाहिजे, आणि तीन मिनिटांत संपलं पाहिजे. अवघड काम दिलंत तर ‘सर, हे कसं करायचं?’ असे वीस हात वर येतील आणि तुम्हीच गोंधळाला आमंत्रण दिलेलं असेल.

मुलं लिहीत असताना तुम्ही खुर्चीत बसायचं नाही. नकाशा हातात घेऊन एक फेरी मारा, गैरहजर कोण ते टिपा, कोणी सुरुवात केली नसेल तर त्याच्या वहीवर बोट ठेवा आणि पुढे चला. तीन मिनिटं झाली की दोघांना उत्तर विचारा, बरोबर उत्तर फळ्यावर लिहा आणि धडा सुरू करा. उत्तर तपासलंच जाणार नाही असं लक्षात आलं तर आठवड्याभरात कोणी ते काम करणार नाही, म्हणून ही शेवटची पायरी गाळू नका.

ही पद्धत नुसती सांगून रुजत नाही. ती शिकवावी लागते. पहिल्या दिवशी: काय करायचं ते सांगा, एका बाकावरच्या दोघांकडून करून दाखवा, मग सगळ्या वर्गाकडून करून घ्या. दप्तर बंद, उभे राहा, आता घंटा झाली असं समजा, बसा, वही काढा, फळ्याकडे बघा. काही रांगा चुकतील. न रागावता पुन्हा. नववीतली मुलं पहिल्यांदा खुदुखुदू हसतील, कारण असं कोणी करून घेतलेलं नसतं. हसू द्या. मात्र दुसऱ्या वेळी नीट झालं तर ‘आता बरोबर झालं’ इतकं म्हणून पुढे चला. लांबलचक कौतुक नको, या वयात ते उलट बोचतं. पुढचे दोन आठवडे हे रोज तंतोतंत तसंच झालं पाहिजे. तुम्ही दोन दिवस फळ्यावर काम लिहायला विसरलात की पद्धत मेली.

दुसरी पद्धत: सगळ्यांचं लक्ष एकाच वेळी

साठ मुलं जोडीजोडीने बोलत असताना त्यांना थांबवायचं कसं? आवाज चढवला तर वर्गाचाही आवाज चढतो आणि दुपारपर्यंत घसा बसतो. एक खूण ठरवा: फळ्याच्या मधोमध ठरलेल्या जागी उभं राहायचं, हात वर करायचा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच म्हणायचं, ‘इकडे लक्ष.’ ज्याला दिसलं त्याने बोलणं थांबवायचं, पेन खाली ठेवायचं आणि हात वर करायचा. मागे पाहून बोलणाऱ्या मुलालाही समोरच्याचा हात दिसतो, म्हणून खूण आपोआप पसरते.

इथे नव्या शिक्षकाची गफलत बहुतेक एकाच जागी होते. वर्ग बऱ्यापैकी शांत झाला की तो बोलायला लागतो. साठांतले पंचावन्न गप्प म्हणजे पाच जण अजून बोलतायत, आणि त्या पाचांना तुम्ही नकळत परवानगी दिलीत. उद्या ते दहा होतील. म्हणून शेवटचा माणूस गप्प होईपर्यंत थांबायचं. थांबताना नजर फिरवायची ती मागच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून, कारण आपली नजर सवयीने मधल्या पुढच्या बाकांवरच खिळते. कोणी राहिलं असेल तर फक्त नाव, हळू. ‘मी थांबलोय’ असं टोमण्याच्या सुरात म्हणायचं नाही.

थांबायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर खूण वाईट आहे असं समजू नका. बहुधा तुम्ही चुकीच्या क्षणी थांबवलंय: काम अर्धवट असताना, ऐन वाक्याच्या मध्यात. थांबवण्याआधी अर्धा मिनिट ‘शेवटचं वाक्य पूर्ण करा’ असा इशारा दिला की फरक पडतो.

सूचना देतानाही क्रम महत्त्वाचा. ‘चार-चारचे गट करा’ हे शब्द तोंडातून बाहेर पडले की बाक सरकायला लागतात आणि पुढची तीन वाक्यं कोणाला ऐकू जात नाहीत. म्हणून हालचालीचा शब्द शेवटी. आधी काय करायचं, मग कोणाबरोबर, मग किती वेळ, मग संपल्यावर काय. त्यानंतर मधल्या एखाद्या बाकावरच्या मुलीला विचारा, ‘सांग बरं, आपण काय करणार आहोत?’ तिने बरोबर सांगितलं की ‘सुरू करा’. हे विचारण्यात वीस सेकंद जातात, आणि नंतर पाच गटांकडे जाऊन पाच वेळा तेच सांगण्याचा त्रास वाचतो.

प्रश्न विचारण्याबद्दल थोडक्यात. ‘कोण सांगेल?’ असं विचारलं की मोठ्या वर्गात दहा जण ओरडतात आणि पन्नास जण निश्चिंत होतात. आधी प्रश्न, मग तीन सेकंद शांतता, मग एकाचं नाव. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं आढळलं होतं. तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. वर्ग शांत ठेवण्यासाठीही ते उपयोगी आहेत, कारण नाव शेवटी येतं आणि तोवर प्रत्येकाला आपलं नाव येईल असं वाटत राहतं.

तिसरी पद्धत: साठ वह्या

ही पद्धत क्षुल्लक वाटते. पण वह्या टेबलावर आणून ठेवायला सांगितल्या तर साठ मुलं उठतात, टेबलाभोवती गर्दी होते, ढीग कोसळतो, कोणीतरी कोणाचा पाय तुडवतो आणि सात मिनिटं गेलेली असतात. वह्या परत देताना एकेक नाव पुकारून प्रत्येकी पाच सेकंद धरले तरी साठांना पाच मिनिटं लागतात.

मागून पुढे वह्या सरकवण्याची पद्धत बरेच जण वापरतात. त्यात एक अडचण आहे: मागचा मुलगा वह्यांची चळत पुढच्याच्या डोक्यावर टेकवतो, कधी चुकून, बहुतेक वेळा मुद्दाम. आणि पुढचा मागे वळतो म्हणून तुम्हाला त्याचा चेहराही दिसत नाही. आडव्या दिशेने वह्या सरकवणं चांगलं. दरवाजाकडच्या रांगेपासून सुरुवात, प्रत्येकाने आपली वही हातातल्या चळतीच्या वर ठेवायची आणि शेजारच्या बाकाकडे द्यायची. खिडकीकडच्या रांगेत सहा चळती तयार होतात, प्रत्येकी दहा वह्यांच्या. सहा जण त्या तुमच्या टेबलावर एकावर एक आडव्या-उभ्या ठेवतात. सगळे चेहरे तुमच्याकडे, उठलेली माणसं फक्त सहा.

आता एक महत्त्वाची भर. ज्याने वही आणली नाही किंवा गृहपाठ केला नाही त्याने वहीच्या जागी चिठ्ठी ठेवायची: नाव, तारीख, कारण, आणि कधी देणार. गैरहजर मुलाची चिठ्ठी शेजाऱ्याने ठेवायची. म्हणजे प्रत्येक चळतीत दहाच नग. कोणाची वही नाही हे शोधण्यासाठी यादी घेऊन बसावं लागत नाही, आणि ‘कोणी गृहपाठ केला नाही, उभे राहा’ हा सगळ्यांदेखतचा कार्यक्रमही टळतो. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे पाकिटात ठेवल्या की महिन्याअखेर कोणाच्या किती आणि कारणं कोणती, हे त्याच्याच अक्षरात तुमच्याकडे असतं. पालकांशी बोलताना यापेक्षा भक्कम काही नसतं.

वह्या परत जाताना त्याच चळती, त्याच सहा बाकांवरून, उलट्या दिशेने. यासाठी तपासताना क्रम बिघडवू नका.

तासाचा शेवट पटकन सांगतो. घंटेआधी दोन मिनिटं शिकवणं थांबवायचं, गृहपाठ लिहून घ्यायचा, बाकाखालचे कागद उचलायचे. घंटा झाली की नव्हे, तुम्ही सांगितल्यावर उठायचं. पण पुढच्या तासाच्या शिक्षकांना दारात ताटकळत ठेवून आपला मुद्दा संपवत बसू नका.

नियम: चार पुरे

पद्धती बसल्या की नियमांना फार काम उरत नाही. मी चारच्या पुढे जात नाही.

१. घंटा झाली की आपल्या जागेवर, वही-पुस्तक बाकावर.
२. एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात.
३. जागेवरून उठायचं असेल तर हात वर करून विचारायचं.
४. दुसऱ्याच्या अंगाला, वस्तूला हात लावायचा नाही, आणि नावावरून, दिसण्यावरून, घरावरून चिडवायचं नाही.

नियम लिहिताना एक कसोटी लावा. दारात उभ्या असलेल्या दोन माणसांनी तेच दृश्य पाहिलं तर नियम मोडला की नाही यावर त्यांचं एकमत होईल का? ‘शिस्तीत वागावे’, ‘मोठ्यांचा आदर राखावा’ हे या कसोटीत बसत नाहीत. आदर राखला की नाही यावर वाद घालता येतो. जागेवर होता की नव्हता यावर घालता येत नाही. दुसरी कसोटी स्वतःसाठी: हा नियम दर वेळी, हुशार मुलीने मोडला तरी, लागू करायची माझी तयारी आहे का? नसेल तर तो लिहूच नका.

नियम मुलांकडूनच करून घ्यावेत, असं प्रशिक्षणात हमखास सांगतात. वीस मुलांच्या वर्गात ते छान होतं. साठांच्या वर्गात पूर्ण तास जातो, आठ-दहा जण बोलतात, आणि शेवटी नियम साधारण हेच निघतात. शिवाय शिक्षा सुचवायला सांगितलं तर मुलं शिक्षकापेक्षा क्रूर शिक्षा सुचवतात. त्यापेक्षा नियम तुम्ही द्या आणि प्रत्येक नियम का आहे ते एका वाक्यात सांगा. अंमलबजावणीच्या तपशिलावर मात्र त्यांचं मत जरूर घ्या: पाणी प्यायला कधी जायचं, पेन संपलं तर काय करायचं, उशीर झाला तर कुठल्या दाराने आत यायचं. स्वच्छतागृहात जाणं हा नियमाचा नव्हे तर गरजेचा भाग आहे. एका वेळी एक मुलगा, एक मुलगी, एवढंच ठरवा आणि ते कधीही शिक्षा म्हणून अडवू नका.

परिणाम: लहान, ठरलेले आणि शक्यतो एकांतात

शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होणार की नाही, याकडे मुलांचं लक्ष असतं. दहातल्या एका वेळी मिळणारी मोठी शिक्षा हा जुगार आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला जुगार आवडतो. म्हणून पायऱ्या लहान ठेवा, पण प्रत्येक वेळी पहिली पायरी चढाच.

पहिली पायरी धडा न थांबवता. बोलत बोलत त्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. दुसरी पायरी: नाव आणि काय करायचं ते, हळू आवाजात. ‘गप्प बस’ म्हणण्याऐवजी ‘तिसरा प्रश्न लिहायला घे’. सांगून झालं की तिथून निघा. समोर उभं राहून तो कधी लिहितो याची वाट पाहिली की ती झुंज होते, आणि एकोणसाठ प्रेक्षकांसमोर कुठलाही मुलगा झुंज हरायला तयार नसतो. अर्ध्या मिनिटाने लांबूनच पाहा. तिसरी पायरी: त्या तासापुरती जागा बदल. यासाठी पुढे एक जादा बाक किंवा कोपऱ्यात एक जादा जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणून नकाशा करतानाच तिची सोय करा. चौथी: मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला दोन मिनिटं तुमच्यापाशी, दार उघडं ठेवून. तासानंतर लगेच थांबवणं सहसा जमत नाही, कारण तुमचाही पुढचा तास असतो. या दोन मिनिटांत तीनच गोष्टी: काय झालं, त्यामुळे कोणाचं काय अडलं, उद्या काय करणार. भाषण नाही. पाचवी: वर्गशिक्षक आणि पालक, नोंदवहीसह.

मारामारी, कोणाला इजा, धमकी, अश्लील छळ किंवा प्रयोगशाळेतला धोका असेल तर पायऱ्या मोजत बसू नका. सरळ मुख्याध्यापकांकडे.

आता काय करायचं नाही. मारणं, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं, अपमान करणं हे चर्चेचे विषयच नाहीत. अनेक देशांत शाळेतली शारीरिक शिक्षा कायद्यानेच बंद आहे. पण एवढ्या उघड नसलेल्या, तरी बिघडवणाऱ्या काही गोष्टी रोज होतात. तीन जणांसाठी साठांना थांबवून ठेवलं की सत्तावन्न जण तुमच्याविरुद्ध एक होतात. शंभर वेळा वाक्य लिहायला लावलं की ज्या लिखाणाची गोडी लावायची तेच शिक्षा ठरतं. वर्गाबाहेर उभं केलं तर त्याचा धडा बुडतो, त्याची जबाबदारी तुमचीच राहते, आणि ज्याला धडा नकोच होता त्याला बक्षीस मिळतं. वर्तनासाठी विषयाचे गुण कापणं हाही तसाच प्रकार: मग गुणपत्रिका पाहून त्याला गणित येतं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण

नववीचा वर्ग, भूगोल. शिक्षक फळ्याकडे वळले की चौथ्या रांगेच्या मागच्या बाजूने बंद ओठांनी गुणगुणल्याचा आवाज येतो. वळून पाहिलं की सगळे साळसूद. अशा वेळी ‘कोण आहे ते? उभा राहा!’ हे विचारायचं नाही. कोणी उभं राहत नाही, शेजारी नाव सांगत नाहीत, आणि आपल्याला माहीत नाही हे आपणच जाहीर केलेलं असतं.

पहिलं काम पाठ फिरवणं कमी करण्याचं. बाजूने उभं राहून लिहायचं, लांब मजकूर तासाआधी किंवा सुरुवातीच्या तीन मिनिटांत लिहून ठेवायचा, कधी एका मुलीला फळ्यावर बोलावून स्वतः चौथ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. दोन दिवसांत आवाज कुठल्या बाकावरून येतो ते कळलं. नोंदवहीत लिहिलं ते असं: ‘मंगळवार, तिसरा तास, फळ्यावरचं उतरवताना, पाचवा बाक, भिंतीकडचा. दोनदा. जवळ गेल्यावर थांबला.’ ‘उद्धट’, ‘वात्रट’ असे शब्द नोंदीत घालायचे नाहीत. त्यातून पुढे काहीच शोधता येत नाही.

आठवड्याच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं की तोंडी चर्चेच्या वेळी हा मुलगा कधीच आवाज करत नाही, उलट उत्तरं देतो. फक्त उतरवताना करतो. वह्यांच्या चळतीतून त्याची वही काढून पाहिली तर प्रत्येक तारखेखाली पहिल्या तीन-चार ओळी नीट अक्षरात, आणि मग रेघ मारून पान सोडलेलं. तो मागे पडत होता, आणि एकदा मागे पडला की उरलेली दहा मिनिटं त्याला करायला काही नव्हतं.

मधल्या सुट्टीतल्या दोन मिनिटांत गुणगुणण्याचा विषय एकाच वाक्यात काढला: ‘उतरवताना आवाज येतो तो तुझ्या बाकावरून येतो, तो बंद व्हायला हवा.’ मग वही उघडून पुढे ठेवली आणि विचारलं, ‘इथे थांबतोस ते का?’ तो आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, तुम्ही पुसता तेव्हा माझं अर्धंच झालेलं असतं.’ फळा वाचायला त्रास होतो का हेही विचारलं, आणि वर्गशिक्षकांना डोळे तपासण्याबद्दल सांगून ठेवलं. जागा दुसऱ्या बाकावर, नीट लिहिणाऱ्या मुलाशेजारी. लांब मजकुरातलं शिक्षकांनी चौकटीत केलेलं तेवढंच त्याने उतरवायचं, बाकीचं शेजाऱ्याच्या वहीतून घरी. आणि चूक झाली तर पायरी तीच, तिसरी.

पुढच्या आठवड्यात आवाज दोनदा आला. दोन्ही वेळा त्याची त्या तासापुरती जागा बदलली, न चिडता, न बोलता. त्यानंतर तो जवळपास थांबला. पूर्ण थांबला असं म्हणता येणार नाही, पावसाळी दुपारी शेवटच्या तासाला एखादी लकेर यायचीच. शिक्षकांनी नंतर वर्गभराचं लेखनच कमी केलं, कारण चळतीतल्या आणखी सात वह्यांत तशीच अर्धी पानं निघाली.

घडी विस्कटली तर

ती विस्कटतेच, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नावीन्य संपल्यावर. लक्षणं ओळखू येतात. लक्ष वेधायच्या खुणेला पाचऐवजी पंधरा सेकंद लागतात. सुरुवातीचं काम निम्मी मुलं शेजाऱ्याचं पाहून लिहितात. तुम्ही एका तासात तीच सूचना तीनदा देता. आणि तुमचा घसा दुखायला लागतो.

अशा वेळी सगळ्या वर्गाला उपदेश करू नका आणि नवे नियमही आणू नका. कुठली पद्धत ढिली पडली ती एकच निवडा आणि उद्या तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं ती पुन्हा करून घ्या, पहिल्या दिवशी केली होती तशीच. दुसरी पद्धत परवा. बहुतेक वेळा शोधत गेलं की ढिलाईची सुरुवात आपल्याकडूनच झालेली सापडते: फळ्याच्या कोपऱ्यात काम लिहायचं राहिलं, पाच जण बोलत असताना बोलायला सुरुवात केली, पहिली पायरी आळसाने गाळली.

एखाद-दोन मुलांच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडत नाही. अचानक गप्प झालेलं मूल, रोज झोपणारं मूल, कशाचीच पर्वा नसल्यासारखं वागणारं मूल. तिथे पायऱ्या वर चढत जाण्यापेक्षा वर्गशिक्षकांशी आणि शाळेत असतील तर समुपदेशकांशी आधी बोला, नोंदवही घेऊन.

मोठ्या सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस धड्याच्या नियोजनातून थोडे मोकळे ठेवा. पहिल्या दिवशी तासाची सुरुवात आणि लक्षाची खूण, दुसऱ्या दिवशी वह्यांची चळत. तुमच्या रजेच्या दिवशी बदली तासाला येणाऱ्या शिक्षकांसाठी नकाशाची एक प्रत आणि सुरुवातीच्या कामाचे चार-पाच प्रश्न वर्गाच्या कपाटात ठेवून द्या. मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं, त्यांना फक्त फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं हवं असतं.